इन्व्हर्टरला किती एएचची बॅटरी घ्यावी? ‘दीडशे’च्या आकड्यामागचा हिशेब

खानापूर : पावसाळा तोंडावर आला की बॅटरीच्या दुकानात एकच संवाद ऐकू येतो. “घरात काय काय आहे?” “तीन फॅन, चार-पाच बल्ब, टीव्ही.” “मग दीडशेची घेऊन जावा, चार-पाच तास बघायला नको.” गिऱ्हाईक तेरा-चौदा हजारांच्या पुढची रक्कम मोजून बॅटरी नेतो आणि पहिल्याच वादळात झाड तारांवर पडून लाईट गेली की अडीच-तीन तासांत इन्व्हर्टर पीं-पीं करायला लागतो. बॅटरी खराब निघाली म्हणून भांडण सुरू होते. बऱ्याचदा बॅटरीत दोष नसतो. दीडशे हा आकडा तासांचा नसतो, एवढेच कुणी सांगितलेले नसते.

इन्व्हर्टरचे काम तसे सरळ आहे. लाईट असताना मेन लाईनचा करंट इन्व्हर्टरमधून घरात जातो आणि त्याच वेळी त्यातला थोडा बॅटरी चार्ज करण्यासाठी वळवला जातो. लाईट गेली की आतला रिले ‘टक्’ असा आवाज करून बाजू बदलतो. बॅटरीत १२ व्होल्टचा डीसी करंट असतो. घरातल्या फॅन-बल्बना २३० व्होल्टचा, सेकंदाला १०० वेळा दिशा पालटणारा एसी लागतो. इन्व्हर्टरमधले सर्किट तो १२ व्होल्टचा करंट झपाझप पालटते आणि ट्रान्सफॉर्मर त्याचा दाब वाढवतो. या उलाढालीत काही वीज उष्णता होऊन वाया जाते, म्हणून लाईट गेल्यावर इन्व्हर्टर गरम लागतो. घरगुती हिशेबात ही घट २० टक्के धरावी. बॅटरीतून १०० निघाले तर फॅन-बल्बपर्यंत ८० पोचतात.

बॅटरी उतरत जाऊन तिचा दाब साधारण साडेदहा व्होल्टच्या आसपास आला की इन्व्हर्टर आधी बीप देतो, मग आपोआप बंद पडतो. बंद पडणे हा बिघाड नव्हे, बॅटरी वाचवण्याची सोय आहे. तो बंद पडल्यावर पुन्हा पुन्हा बटण दाबून चालू करणे म्हणजे बॅटरीचे आयुष्य हाताने कमी करणे.

आता आकड्याकडे येऊ. १५० एएच म्हणजे १५० अँपिअर-अवर. लेबलवर त्याच्या शेजारी बारीक अक्षरात ‘सी२०’ लिहिलेले असते आणि सगळी गोम तिथेच आहे. बॅटरी २० तास सावकाश उतरवली, म्हणजे तासाला फक्त साडेसात अँपिअर घेतले, तर तिच्यातून १५० मिळतात, असा त्याचा अर्थ. साडेसात अँपिअरवर जेमतेम एक जुना फॅन चालतो. लेड-ॲसिड बॅटरीचा स्वभाव असा की जितक्या जोरात करंट ओढाल तितका एकूण माल कमी हाती येतो. तीन फॅन आणि टीव्ही लावून ३५-४० अँपिअर ओढले तर त्याच बॅटरीतून १५०च्या जागी तीन चतुर्थांशच्या आसपास, म्हणजे ११० एएच वगैरे निघतात. काही बॅटऱ्यांवर ‘सी१०’ लिहिलेले असते. १५० सी१० ही १५० सी२० पेक्षा प्रत्यक्षात मोठी बॅटरी असते. दुकानात दोन बॅटऱ्यांचे भाव जुळवताना आधी हे बारीक अक्षर वाचावे. आकडा आणि सी सारखे असूनही एक बॅटरी दुसरीपेक्षा बरीच हलकी लागली, तर तिच्यात शिसे कमी आहे असे समजायला हरकत नाही.

एक घर धरून हिशेब करू. तीन जुने सीलिंग फॅन, प्रत्येकी ७५ वॉट, म्हणजे २२५. नऊ वॉटचे पाच एलईडी बल्ब, ४५. टीव्ही ५०, वायफायचा राऊटर १०, मोबाईल चार्जिंग २०. एकूण ३५० वॉट. संध्याकाळी सात ते दहा लाईट नसते, म्हणजे हे तीन तास चालायला हवे. ३५० गुणिले ३ म्हणजे १०५० वॉट-तास. इन्व्हर्टरची घट धरायला याला ०.८ ने भागायचे, येतात साधारण १३१२. त्याला बॅटरीच्या १२ व्होल्टने भागले की १०९ एएच. या घराला तीन तासांसाठी बॅटरीतून १०९ एएच बाहेर काढावे लागणार.

दीडशेच्या नव्या बॅटरीतून या वेगाने ११० वगैरे निघतात हे वर आलेच आहे. म्हणजे पहिल्या वर्षी तीन तास कसेबसे निघतील आणि रोज बॅटरी तळापर्यंत खरवडली जाईल. रोज तळ गाठणारी बॅटरी लवकर म्हातारी होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तिचा साठा घटला की तीन तासांचे दोन होतात. म्हणून एक सोपा नियम ठेवावा : हिशेबात आलेला आकडा लेबलवरच्या एएचच्या ६० टक्क्यांच्या आत बसला पाहिजे. १०९ ला ०.६ ने भागले तर १८२ येतात. म्हणजे या घराला दीडशे नव्हे, २०० एएच लागते.

पण पाकीट बाहेर काढण्याआधी याद्या परत बघाव्यात. साडेतीनशे वॉटमधले सव्वादोनशे नुसते फॅन खातात. तेच तीन फॅन बीएलडीसी घेतले तर पूर्ण स्पीडला एकेक ३० वॉटच्या आसपास घेतो, तिघांचे मिळून ९०. एकूण लोड ३५० वरून २१५ वर येतो. तीन तासांना ६४५ वॉट-तास, ०.८ आणि १२ ने भागून ६७ एएच. ६० टक्क्यांच्या नियमाने ११२. आता दीडशेची बॅटरी ऐसपैस पुरते, लाईट पाच तास गेली तरी रात्र निघते. शिवाय फॅन बाराही महिने बिल वाचवतात, बॅटरी वाचवत नाही. हे फॅन बसवताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर मात्र वायरमनला काढायला सांगावे.

इन्व्हर्टरवरचा व्हीएचा आकडा वेगळा. एएच किती वेळ चालेल ते सांगते, व्हीए एका वेळी किती ओझे उचलेल ते. ३५० वॉटच्या घराला ९०० व्हीएचा इन्व्हर्टर भरपूर झाला. मिक्सर, पाण्याची मोटर, इस्त्री आणि गीझर त्या लाईनवर घेऊच नयेत. फ्रिज चालू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट मागतो, त्यामुळे तोही बाहेरच बरा. घेताना साइन वेव्ह घ्यावा. स्क्वेअर वेव्हवर फॅन गुणगुणतात आणि तापतात.

मोठी बॅटरी घेतली म्हणजे सगळे झाले असेही नाही. ती भरायलाही हवी. पुष्कळ घरगुती इन्व्हर्टर १० ते १५ अँपिअरने चार्ज करतात. १०९ एएच काढलेली बॅटरी १२ अँपिअरने भरायची तर नऊ तास साध्या भागाकारातच येतात. त्यात चार्जिंगमधली घट आहे आणि शेवटच्या टप्प्यात करंट आपोआप कमी होत जातो. खरे तर ११-१२ तास लागतात. रात्री दहाला लाईट आली आणि दुसऱ्या दिवशी हेस्कॉमचे देखभालीचे काम सकाळी दहाला सुरू होणार असेल तर बॅटरी काठोकाठ भरून तयार असते. पण पावसाच्या दिवसांत दुपारी तीन तास गेली, चार तास आली, परत रात्री गेली, असे झाले तर मधल्या चार तासांत ४० एएचच्या आसपासच आत गेलेले असतात. दुसऱ्या खेपेला बॅटरी लवकर संपली तर तिची चूक नाही. म्हणून साधारण एएचच्या दहाव्या भागाइतका चार्जिंग करंट असावा, दोनशेच्या बॅटरीला २० अँपिअर. जुन्या इन्व्हर्टरला नुसती मोठी बॅटरी जोडताना तो किती अँपिअरने चार्ज करतो हे आधी पाहून घ्यावे. काहींच्या मागे त्यासाठी वेगळे बटण असते.

खेड्यातल्या घरांसाठी आणखी एक बटण महत्त्वाचे. बहुतेक इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ असे दोन प्रकार असतात. यूपीएसवर ठेवले तर कॉम्प्युटर बंद न पडता बाजू बदलते, पण मेन लाईनचा व्होल्टेज १८०च्या खाली गेला की इन्व्हर्टर तो करंट नाकारून बॅटरीवर जातो. शेतातले पंप सुरू असताना व्होल्टेज पडतो तिथे शेजाऱ्याकडे मंद का होईना लाईट असते आणि या घरात बॅटरी उतरत असते. मग खरोखर लाईट गेली की अर्ध्या तासात अंधार. कॉम्प्युटर नसेल तर बटण नॉर्मलवर ठेवावे.

बॅटरी थकली हे ओळखायची खूण अशी : लाईट आल्यावर तास-दोन तासांत ‘फुल’ दाखवते आणि लाईट गेल्यावर तितक्याच लवकर संपते. प्लेटांवर सल्फेटचा थर बसून साठवण्याची जागाच उरलेली नसते. बॅटरीवाल्याकडच्या हायड्रोमीटरने सहाही घरांतले ॲसिड तपासून घ्यावे. पूर्ण चार्ज झालेल्या ट्यूब्युलर बॅटरीत १.२४०च्या आसपास आकडा येतो. पाच घरे बरोबर आणि एकच खूप खाली असेल तर ते घर मेले, पाणी घालून ते जागे होत नाही. पाणी घालायचे ते डिस्टिल्डच आणि तेही फ्लोटच्या वरच्या खुणेपर्यंत. फिल्टरचे पाणी चालत नाही, वरून ॲसिड ओतणे तर मुळीच नको. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून ती बंद कपाटात किंवा देवघराच्या दिव्याखाली ठेवू नये.

लिथियम बॅटऱ्यांचा हिशेब निराळा आहे. जोरात करंट ओढला तरी त्यांचा साठा फारसा घटत नाही आणि ८०-९० टक्के निर्धास्त वापरता येतो. त्यामुळे १०० एएचची लिथियम दीडशेच्या लेड-ॲसिडच्या जागी चालते. भरतेही लवकर. पण किंमत जास्त आणि इन्व्हर्टरमध्ये लिथियमची सोय असावी लागते. जुन्या इन्व्हर्टरला तशीच जोडू नये.

दोन बॅटऱ्यांचा २४ व्होल्टचा इन्व्हर्टर घेतला असेल तर दोन्ही एकाच वेळी, एकाच कंपनीच्या आणि एकाच एएचच्या घ्याव्यात. एक गेली म्हणून तेवढीच नवी आणली की जुनी आधी उतरते आणि नवीला पूर्ण भरू देत नाही, आणि वर्षभरात दुकानाची वाट दोनदा धरावी लागते.