३०० च्या पुढे एक युनिट गेलं, तर पूर्ण बिल महाग होतं का? वीज बिलातला स्लॅब समजून घ्या

मे महिन्यात वरूडमध्ये कूलर सुरू झाले की एक गोष्ट हमखास ऐकू येते: "३०० युनिट ओलांडले, आता सगळेच युनिट महाग लागणार." पण हे खरं नाही. वाढीव दर फक्त मर्यादेच्या वरच्या युनिटना लागतो.

२०२४-२५ मधले महावितरणचे घरगुती दर घेऊन हिशोब करू. वीज आकार आणि १.१७ रुपये वहन आकार मिळून प्रति युनिट दर असा होता:

- १ ते १०० युनिट: ५.८८ रुपये
- १०१ ते ३००: ११.४६ रुपये
- ३०१ ते ५००: १५.७२ रुपये

यात सिंगल फेजचा १२८ रुपये स्थिर आकार मिळवायचा आणि एकूण रकमेवर १६ टक्के वीज शुल्क लावायचं. दरमहा बदलणारा इंधन समायोजन आकार इथे धरलेला नाही.

एक उदाहरण

समजा, वरूडमधल्या एका घरात कूलरशिवाय ३०० युनिट लागतात. पहिल्या १०० युनिटचे ५८८ रुपये, पुढच्या २०० चे २,२९२ आणि स्थिर आकार १२८, असे ३,००८ रुपये झाले. वीज शुल्कासह बिल ३,४८९ रुपये. त्याला ३०० ने भागलं की सरासरी येते ११.६३ रुपये. ३०१ वं युनिट जळलं, तर बिल फक्त १८.२४ रुपयांनी वाढतं.

आता २०० वॉटचा कूलर रोज १० तास चालला, तर महिन्याला ६० युनिट वाढतात. बिल ४,५८३ रुपये होतं आणि सरासरी १२.७३ रुपये.

सरासरी कुठे फसवते?

या सरासरीने कूलरचा खर्च काढला तर ७६४ रुपये येतो. प्रत्यक्षात बिल १,०९४ रुपयांनी वाढलं, कारण कूलरचे सगळे युनिट तिसऱ्या स्लॅबमध्ये पडले. म्हणून बचतीचा हिशोब सरासरीवर नाही, तर तुम्ही ज्या शेवटच्या स्लॅबमध्ये आहात त्याच्या दरावर करा.

कमी वापरातही सरासरी फसवते. ५० युनिटला ती ९.७९ रुपये येते, तर १०० युनिटला ८.३१. वापर कमी असला तरी स्थिर आकार तेवढाच राहतो आणि थोड्याच युनिटवर विभागला जातो.

बिलात काय तपासाल?

आधी मागच्या आणि चालू रीडिंगची तारीख पाहा. दोन महिन्यांचं रीडिंग एकदम आलं, तर युनिट महिन्यांत विभागूनच स्लॅब लावायला हवेत. २०२० च्या लॉकडाऊननंतर जूनच्या मोठ्या बिलांवरून वाद झाला, तेव्हाही मुद्दा हाच होता. ६०० युनिट दोन महिन्यांचे असतील, तर हिशोब ३००-३०० चा होतो. तसं झालेलं नसेल, तर तक्रार करा.

दर पुढे बदलले तरी रीत हीच राहते. तुमच्या बिलावरचे दर घ्या आणि याच क्रमाने मांडा.