चित्रातल्या घराची शांतता

दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा चलत्पट केला. काड्यापेटीतल्या काड्या एकेक चित्रचौकट टिपत त्यांनी पडद्यावर नाचवल्या. तो काळ मूकपटांचा. पण मूकपटाचे थिएटर कधीच मुके नसायचे. पडद्याखाली पेटी-तबला वाजे, प्रेक्षक बोलत, मागे यंत्राची खडखड चालू असे. म्हणजे चित्र मुके असले तरी त्याला आवाजाची एक चटई आपसूक मिळत होती.

१९३१च्या ‘आलम आरा’नंतर बोलपट आले, तरी ही चटई गेली नाही. आवाज फिल्मच्या कडेला एका अरुंद पट्टीवर छापलेला असे. तिच्यावर धूळ बसे, ओरखडे पडत, आणि पडद्यावर कुणी बोलत नसतानाही कर्ण्यातून बारीक खसखस येत राही. तंत्रज्ञ ती कमी करायला धडपडले. पुष्कळ कमीही केली. पण शून्य झाली नाही. मग १९९०च्या दशकात चित्रपटगृहांत डिजिटल ध्वनी आला आणि शून्य म्हणजे खरोखर शून्य झाले. तिथून हा प्रश्न अवघड झाला.

नटनट्यांच्या चित्रपटाला त्याचा त्रास कमी. तिथे माइक खऱ्या खोलीत ठेवलेला असतो, त्यामुळे संवादाबरोबर त्या खोलीचा सूक्ष्म आवाजही येतो. जाणकार ध्वनिमुद्रक तर चित्रीकरण संपल्यावर सगळ्यांना जागच्या जागी उभे करून रिकाम्या खोलीचा मिनिटभर आवाज वेगळा घेतात. त्याला ‘रूम टोन’ म्हणतात. ॲनिमेशनमध्ये मात्र खोलीच नसते! कागदावर काढलेल्या घराला हवा नसते, कौले नसतात, बाहेरचे झाड नसते. तिथे शांतता हवी असेल तर ती बाहेरून आणून ठेवावी लागते. ठेवली नाही तर प्रेक्षकाला वाटते, यंत्र बिघडले.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझा भाचा ॲनिमेशन शिकला आहे. त्याने चार मिनिटांची एक फिल्म केली. वर्धा जिल्ह्यातले एक मातीचे घर, कापसाची वेचणी चालू आहे, मुलगा पुण्याला नोकरीला गेलेला आणि म्हातारी आई दाराशी बसलेली. मधे बारा सेकंद काहीच घडत नाही. ती नुसती रस्त्याकडे पाहते. फिल्मचा सगळा जीव त्या बारा सेकंदांत. एका हॉलमध्ये ती दाखवली, आणि नेमकी तिथेच मागून हाक आली, “अरे, आवाज गेला!” एक जण उठून वायर हलवायला लागला. पोरगा घरी येऊन म्हणाला, “मामू, लोकांनी अम्माला पाहिलंच नाही.”

त्याच्या बारा सेकंदांत आणखी एक अडचण होती. सेकंदाला चोवीस चौकटी या हिशेबाने त्या झाल्या दोनशे अठ्ठ्याऐंशी, आणि त्या सगळ्यांत म्हातारीचे एकच चित्र. माणूस कितीही निश्चल बसला तरी त्याचा श्वास चालतो, पदर हलतो. काढलेले चित्र थांबले की सेकंद-दीड सेकंदात ते मेल्यासारखे दिसते. आवाजही नसेल तर दोन्हीकडून मरण.

पहिला उपाय त्याने इंटरनेटवरून आणला : तयार आवाजांच्या साठ्यातली एक ‘गावाकडची दुपार’. ऐकताक्षणी मी म्हटले, हा गाव आपला नाही. त्यात कोकिळा ओरडत होती. वेचणी हिवाळ्यात, आणि कोकिळेचा गळा फुटतो उन्हाळ्याच्या तोंडाला. शहरातल्या प्रेक्षकाला ते सांगता येणार नाही, पण खेड्यात वाढलेल्या कानाला काहीतरी खुपतेच.

मग डिसेंबरात आम्ही आर्वी तालुक्यातल्या माझ्या बहिणीच्या सासरच्या जुन्या घरात गेलो. दुपारचे दोन. पंखा बंद, फ्रिज बंद, मोबाइल अंगणापलीकडे. माइक बाजेच्या उंचीवर ठेवला, कारण म्हातारीचे कान त्या उंचीला असतात. तीन मिनिटे कुणी हलले नाही. पहिले अर्धे मिनिट आमच्याच कपड्यांची सळसळ असल्याने टाकून दिले. पुढे कुणीतरी खाकरले, तेही गेले. सलग सत्तर सेकंद कामाची उरली. काय होते त्यात? शेणाने सारवलेल्या मातीच्या भिंती किनरे आवाज पिऊन टाकतात, म्हणून सगळे मऊ. कौलांतून येणारा वारा. दूरच्या वावरातली वाळकी पऱ्हाटी. एकदाच होला घुमला.

तो होला सुंदर होता आणि तोच काढावा लागला. पट्टी जोडून लांबवायची तर तोच पक्षी त्याच सुरात पुन्हा घुमतो, आणि तिसऱ्या वेळी प्रेक्षक त्याची वाट पाहू लागतो. पायाच्या आवाजात ओळखता येईल असे काही नको. होला नंतर वेगळा, एकदाच, हव्या त्या जागी ठेवता येतो. जोडसुद्धा कापून चिकटवायचा नाही. दोन्ही टोके सेकंद-दोन सेकंद एकमेकांवर चढवून एक उतरवायचे, दुसरे चढवायचे.

पट्टी किती मोठी ठेवायची? डिजिटल मापात वरची मर्यादा शून्य आणि मोजणी खाली उणे अशी जाते. फिल्ममधले बोलणे उणे बाराच्या आसपास उसळत होते, म्हणून खोली त्याने उणे पन्नासवर ठेवली. हॉलला ते बरोबर. फोनच्या चिमुकल्या स्पीकरवर पुन्हा सगळे गायब. तिथे खर्जातला वारा वाजतच नाही. म्हणून फोनच्या प्रतीत त्याने पऱ्हाटीची खरखर थोडी वर घेतली. परीक्षा सोपी आहे. पट्टी असताना तिच्याकडे लक्ष जाता कामा नये, आणि अचानक बंद केली तर भोक पडल्यासारखे वाटले पाहिजे.

एवढे करूनही बारा सेकंद लोंबकळतच होते. शांतता होती, पण ती का आली ते कळत नव्हते. इथे तोडगा निघाला तो आपल्या विदर्भाच्या रोजच्या जगण्यातून : लाइट गेली! आधीच्या दृश्यात त्याने टीव्ही, फ्रिजची घरघर आणि पंखा असे तिन्ही आवाज चांगले भरून ठेवले. मग टीव्ही आणि फ्रिज एकदम बंद. पंखा मात्र लगेच थांबत नाही. सहा सेकंदांत त्याची घरघर उतरत जाते. ती विरत असताना खोलीची पट्टी हळूच वर येते. पंखा थांबल्यावर प्रेक्षक स्वतःच कान देऊन ऐकू लागतो. मग बारा सेकंद. सातव्या सेकंदाला होला, आणि नवव्या सेकंदाला चित्रात पापणीची एकच उघडझाप.

मी सुचवले होते, लांबून अजान येऊ दे. तो नाही म्हणाला, देवळाची घंटाही नको म्हणाला. दोन्ही आवाज काहीतरी सांगतात. प्रेक्षक वेळ मोजतो, घर कुणाचे ते ठरवतो, आणि म्हातारी बाजूला पडते. पोराचे बरोबर होते.

शांततेची धास्ती फक्त आपल्याकडच्या हॉलात असते असे नाही. जपानच्या मियाझाकींच्या १९८६च्या ‘लापुता’ या चित्रपटात संगीताविना लांब जागा आहेत. अमेरिकेत डिस्नेने त्याची इंग्रजी आवृत्ती केली, तेव्हा तिथल्या प्रेक्षकांसाठी संगीतकार जो हिसाइशी यांनीच पार्श्वसंगीत वाढवून पुन्हा लिहिले. ती आवृत्ती २००३ मध्ये डीव्हीडीवर आली. मला मूळची अधिक आवडते. तिच्यात आकाश मोठे वाटते.

भाच्याची फिल्म पुन्हा दाखवली तेव्हा वायर हलवायला कुणी उठले नाही. लाइट गेल्यावर पुढच्या रांगेतली एक बाई हातातल्या कागदाने वारा घेऊ लागली, हॉलमधले पंखे चालू असताना.

बहिणीच्या सासरचे ते घर आता पाडून स्लॅब टाकायचे ठरले आहे. स्लॅबच्या खोलीला टाइल्स लागल्या की आवाज भिंतीवर आपटून परत येतो. ती मऊ दुपार तिथे मिळायची नाही. म्हणून भाचा पुन्हा जाऊन प्रत्येक खोलीची तीन-तीन मिनिटे घेऊन आला. एक खोली राहिली आहे. तिच्यात तुरीची पोती रचलेली आहेत, आणि पोती निघाल्यावर तिचा आवाज वेगळा येईल, तेव्हा दोन्ही घ्यायचे, असे तो म्हणतो.