नाणं, ईटीएफ की डिजिटल सोनं? मोडताना हातात किती पडतं, त्याचा हिशेब

पीक विकल्यावर हातात चार पैसे आले की तोळा-अर्धा तोळा सोनं घेऊन ठेवायचं, ही गावाकडची जुनी रीत. गुरुपुष्यामृत, दसरा, पाडवा असे मुहूर्त त्यासाठीच पाहिले जातात. आता सराफाच्या दुकानाबरोबर मोबाईलवरही सोनं मिळतं. भाव सगळीकडे जवळपास सारखाच दिसतो, पण घेताना वर किती द्यावं लागतं आणि मोडताना किती कापलं जातं, यात मोठा फरक आहे. इथे दागिने सोडून फक्त साठवणीच्या सोन्याचा विचार केला आहे.

एकाच 10 ग्रॅमचा हिशेब

आकडेमोड सोपी व्हावी म्हणून 24 कॅरेटचा भाव ग्रॅमला 10,000 रुपये धरू. म्हणजे 10 ग्रॅम सोनं 1 लाखाचं. तीन वर्षांनी विकताना भाव तेवढाच आहे असंही समजू, म्हणजे फक्त खर्च किती झाला ते कळेल. मजुरी, घट आणि दलालीचे दर उदाहरणापुरते आहेत, ते दुकानागणिक बदलतात. जीएसटी मात्र ठरलेला आहे, 3 टक्के.

10 ग्रॅमचं एक नाणं: सोनं 1,00,000, घडणावळ 3 टक्के म्हणजे 3,000. या 1,03,000 वर जीएसटी 3,090. एकूण दिले 1,06,090. मोडताना सराफाने 2 टक्के कापले तर हातात 98,000. तोटा 8,090 रुपये.

1 ग्रॅमची दहा नाणी: लहान नाण्याला घडणावळ आणि पॅकिंग जास्त पडतं. ते 8 टक्के धरलं तर जीएसटीसह 1,11,240 द्यावे लागतात. मोडताना तेच 98,000. तोटा 13,240. दर महिन्याला एक-एक ग्रॅम घेणाऱ्यांना हा फरक जाणवत नाही, पण वर्षाअखेरीला तो मोठा होतो.

ॲपवरचं डिजिटल सोनं: 1,00,000 वर जीएसटी 3,000. ॲपचा विकण्याचा दर घेण्याच्या दरापेक्षा 3 टक्के कमी असेल तर परत मिळतात 97,000. तोटा 6,000.

गोल्ड ईटीएफ: युनिट घेताना सोन्यावरचा 3 टक्के जीएसटी ग्राहकाला द्यावा लागत नाही. घेताना आणि विकताना दलाली व इतर आकार मिळून 200 रुपये, आणि फंडाचा वर्षाचा खर्च अर्धा टक्का धरला तर तीन वर्षांत साधारण 1,500. तोटा 1,700 च्या आसपास.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. नाण्याचा खर्च एकदाच होतो, ईटीएफचा दरवर्षी. म्हणून पंधरा-वीस वर्षं हात न लावता ठेवायचं असेल, तर ईटीएफचा फायदा कमी-कमी होत जातो.

नाण्याची शुद्धता कशी ओळखायची?

नाण्यावर 999, 995 किंवा 916 असा आकडा असतो. 999 म्हणजे हजार भागांत 999 भाग सोनं. 10 ग्रॅमच्या 995 नाण्यात 9.95 ग्रॅम शुद्ध सोनं असतं. 999 शी तुलना केली तर वरच्या भावाने फरक फक्त 400 रुपयांचा. पण 916, म्हणजे 22 कॅरेटचं नाणं कुणी 24 कॅरेटच्या भावाने दिलं, तर 10 ग्रॅममागे 8,300 रुपयांचा फटका बसतो. म्हणून 'चोख आहे' या शब्दावर न जाता आकडा वाचावा आणि तोच आकडा बिलात लिहून घ्यावा.

दागिन्यावर 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी असल्याशिवाय तो विकता येत नाही. बीआयएस केअर ॲपमध्ये हा क्रमांक टाकला की दागिन्याची शुद्धता दिसते. नाण्यावर किंवा वेढणीवर असा क्रमांक असेलच असं गृहीत धरू नये. सीलबंद पाकीट असेल तर त्यावरचा क्रमांक, वजन आणि शुद्धता नाण्याशी व बिलाशी जुळते का ते पाहावं. ते पाकीट फोडू नये, कारण फोडलेलं नाणं घेताना सराफ पुन्हा तपासणी करतो आणि घट जास्त लावू शकतो.

दुकानातल्या कॅरेट मीटरचीही मर्यादा आहे. ते यंत्र फक्त वरचा थर वाचतं. आत दुसरा धातू असेल तर ते कळत नाही. शंका असेल तर बीआयएसमान्य हॉलमार्किंग केंद्रात शुल्क भरून तपासणी करून घेता येते. हॉलमार्क असूनही शुद्धता कमी भरली, तर कमी भरलेल्या सोन्याच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागण्याची तरतूद नियमात आहे. त्यासाठी पक्कं बिल लागतं.

बँकेतून घेतलेल्या नाण्याची शुद्धता सहसा खात्रीची असते, पण बँक ते परत विकत घेत नाही. मोडायला सराफाकडेच जावं लागतं.

डिजिटल सोन्यात शुद्धतेपेक्षा भरवशाचा प्रश्न

ॲपवर 24 कॅरेट लिहिलेलं असतं, पण सोनं ग्राहकाच्या हातात नसतं. बऱ्याचदा ॲप फक्त विक्रीची खिडकी असतं, सोनं दुसऱ्याच कंपनीच्या तिजोरीत असतं. नोव्हेंबर 2025 मध्ये सेबीने जाहीर इशारा दिला की असं डिजिटल सोनं आपल्या देखरेखीखाली येत नाही. म्हणजे कंपनी अडचणीत आली तर सेबीच्या संरक्षणाची सोय तिथे नाही.

घेण्याआधी ॲपमधला घेण्याचा आणि विकण्याचा दर एकाच वेळी पाहावा. दोन्हींतलं अंतर हाच लपलेला खर्च. घरी नाणं मागवलं तर घडणावळ आणि पाठवणीचा खर्च वेगळा.

ईटीएफमध्ये काय अडतं?

ईटीएफ सेबीच्या नियमाखाली चालतं आणि फंडाचं सोनं किमान 995 शुद्धतेचं असावं लागतं. पण डिमॅट खातं लागतं. 4 लाखांपर्यंतच्या बेसिक डिमॅट खात्याला वार्षिक शुल्क नाही, तेवढं खातं उघडतानाच विचारून घ्यावं. सौदा बाजाराच्या वेळेतच होतो, सकाळी 9.15 ते दुपारी 3.30. ज्या ईटीएफमध्ये उलाढाल कमी, तिथे भाव वर-खाली मिळतो, म्हणून आपला भाव टाकून लिमिट ऑर्डर द्यावी.

अडीअडचणीला कोणतं चालतं?

पेरणीच्या तोंडावर सोनं तारण ठेवणाऱ्यांसाठी हा मुद्दा महत्त्वाचा. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या नियमांप्रमाणे दागिने आणि एकूण 50 ग्रॅमपर्यंतची नाणी यांवर कर्ज देता येतं. सोन्याचं बिस्कीट आणि ईटीएफवर नाही. नाणं चालेल का, हे शाखेत आधी विचारावं.

थोडक्यात, तारणासाठी किंवा लग्नासाठी लागणारं सोनं असेल तर एकच मोठं, सीलबंद, पक्क्या बिलाचं नाणं बरं. पाच-सात वर्षं फक्त भावाचा फायदा हवा असेल तर ईटीएफ स्वस्त पडतं. डिजिटल सोन्यात ठेवायचेच असतील तर बुडाले तरी घर अडणार नाही, एवढेच पैसे ठेवावेत.