एक भाषा, दोन लिप्या

खामगाव-मलकापूरकडे फाळणीनंतर येऊन स्थिरावलेल्या सिंधी कुटुंबांत आज एकाच घरी आजोबा उजवीकडून डावीकडे वाचतात आणि नातू डावीकडून उजवीकडे. अशा समाजाचे चार पानी वार्तापत्र कोणत्या लिपीत छापावे, हा वाद ऐकण्याचा योग मला आला. आजोबांचा पक्ष म्हणे, अरबी वळणाची लिपी हीच सिंधीची खरी लिपी. नातवांचा पक्ष म्हणे, नागरी ही आपली मूळ लिपी. इतिहास पाहता दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे ठरते.

इंग्रजांनी १८४३ साली सिंध जिंकला, तेव्हा तेथे एकच लिपी नव्हती. मुसलमान मंडळी अरबी वळणाने लिहीत, हिंदू वाणी वह्या-खात्यांसाठी काना-मात्रा नसलेल्या आपल्या वाणिको अक्षरांत लिहीत, आणि गुरुग्रंथाच्या पाठासाठी अनेक हिंदू गुरुमुखी शिकत. कॅप्टन जॉर्ज स्टॅक याने १८४९ साली सिंधीचे व्याकरण छापले ते नागरीत. रिचर्ड बर्टन याचा कौल अरबीला होता. अखेर १८५३ साली, बार्टल फ्रिअर कमिशनर असताना, ५२ अक्षरांची सुधारलेली अरबी लिपी सरकारने ठरविली. पुढे १८६८ साली वाणिकोला काना-मात्रा देऊन ती शाळांत चालविण्याचे काम ज्याच्याकडे आले, तो शिक्षणखात्यातील अधिकारी नारायण जगन्नाथ वैद्य हा होता. तो प्रयत्न टिकला नाही. तात्पर्य, 'खरी लिपी' म्हणून जी सांगितली जाते, ती सरकारी निर्णयाने रूढ झालेली आहे.

फाळणीनंतर हाच प्रश्न भारतात पुन्हा उभा राहिला. १९५० साली केंद्र सरकारने सिंधीसाठी नागरी ठरविली. लेखक-शिक्षकांतून विरोध झाला, आणि १९५१ साली दोन्ही लिप्यांना मोकळीक मिळाली. १९६७ साली सिंधी घटनेच्या आठव्या परिशिष्टात आली, पण लिपी कोणती, हे तेथे लिहिलेले नाही. म्हणून निवाडा आपापल्या गावीच करावा लागतो.

आता अक्षरांकडे पाहू. सिंधीत चार ध्वनी असे आहेत की, ते उच्चारताना श्वास आत ओढावा लागतो. अरबी वळणात त्यांना स्वतंत्र अक्षरे आहेत. नागरीत अक्षराखाली आडवी रेघ देतात : ॻ, ॼ, ॾ, ॿ. ही रेघ शोभेची नव्हे. 'ॿारु' म्हणजे मूल आणि 'बारु' म्हणजे ओझे! वार्तापत्रात घरी मूल जन्मल्याची बातमी छापताना रेघ गळाली, तर घरी ओझे आले असे होते. संगणकाच्या युनिकोड सारणीत ही चार अक्षरे २००६ साली आली, तथापि आजही काही टंकांत ती नसतात व जागी रिकामा चौकोन उमटतो. छपाईपूर्वी ही चार अक्षरे छापून पाहणे, ही पहिली कसोटी होय.

उलट बाजूही आहे. सिंधीत 'घरु' म्हणजे एक घर, 'घर' म्हणजे अनेक घरे. अरबी वळणात ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. दोन्ही शब्द सारखेच दिसतात आणि वाचणारा संदर्भाने ओळखतो. ज्याच्या कानावर भाषा आहे, त्याला हे सहज जमते. जो नातू घरात मराठी बोलतो, त्याला नागरीचा उकारच आधार देतो. मात्र नागरीत हानीही होते : अरबीतून आलेल्या शब्दांत 'स'साठी तीन आणि 'झ'च्या जवळच्या ध्वनीसाठी चार निरनिराळी अक्षरे आहेत, ती नागरीत एकेकच उरतात. उच्चार बिघडत नाही, पण शब्दाचे कूळ पुसले जाते, आणि जुना ग्रंथ किंवा आजोबांचे पत्र उघडले की नातू अडतो. आपण मोडी सोडली तेव्हा आपल्याही पेट्यांतील कागद असेच मुके झाले, हे येथे आठवावे.

मग काय करावे? वार्तापत्राचे मुख्य काम निरोप पोहोचविण्याचे आहे. आपल्या जिल्ह्यातील मुले मराठी, हिंदी किंवा इंग्रजी शाळांत शिकतात. नागरी जवळजवळ सर्वांना येते. म्हणून बातम्या नागरीत असाव्यात, पण रेघा आणि अंत्य स्वर न गाळता. शेवटचे पान अरबी वळणाचे ठेवावे. ती लिपी उजवीकडून चालत असल्यामुळे तेच त्या वाचकांचे पहिले पान होते. कोणालाही मागच्या दाराने यावे लागत नाही. निधनवार्ता मात्र दोन्हीकडे छापावी. संघटनेची पत्रके काढताना मी एक धडा शिकलो : ज्याच्याविषयी मजकूर आहे, त्यालाच तो वाचता आला नाही, तर तो त्याचा कागद राहात नाही. ज्या वृद्धाच्या सोबत्याचे निधन झाले, त्याला ती वार्ता दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागू नये.