गाद्या, घुमारा आणि बोस्टनचा हॉल

घुमारा आणि प्रतिध्वनी मी बरीच वर्षे एकच समजत होतो. प्रतिध्वनी सुटा, मूळ आवाजानंतर वेगळा ऐकू येतो. घुमाऱ्यात असंख्य परावर्तने एकमेकांत मिसळून हळूहळू विरतात.

१८९५मध्ये हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातील नव्या व्याख्यानगृहात एक शब्द साडेपाच सेकंद रेंगाळे. पुढची वाक्ये त्यातच बुडत. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने शेजारच्या सँडर्स थिएटरातील गाद्या रात्री वाहून आणल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजला. सकाळी गाद्या परत! जितक्या गाद्या जास्त, तितका घुमारा कमी. त्यातून त्याचा नियम निघाला: खोलीचे घनफळ घुमारा वाढवते, आवाज शोषणारे पृष्ठभाग तो घटवतात.

बोस्टनला लाइपझिगच्या गेवांडहाउससारखे, पण बरेच मोठे सभागृह हवे होते. नुसते प्रमाण वाढवले असते, तर घनफळ पृष्ठभागांपेक्षा वेगाने वाढून संगीत गढूळ झाले असते. म्हणून सॅबिनच्या सल्ल्याने सभागृह अरुंदच राहिले, जेमतेम ७५ फूट, आणि सज्जे दोन झाले. १९००मध्ये उघडलेल्या या सिंफनी हॉलचा आकार जोड्यांच्या खोक्यासारखा आहे.

अरुंदपणाचा दुसरा लाभ सॅबिनच्या गणितात नव्हता. जवळच्या भिंतींवरून परतलेला आवाज कानांवर दोन्ही बाजूंनी लगेच येतो, मूळ स्वरात मिसळतो आणि श्रोत्याला वेढतो. पंख्याच्या आकाराच्या सभागृहात हेच परावर्तन बरेचसे मागे निघून जाते. बाजूच्या आवाजाचे हे महत्त्व हॅरोल्ड मार्शलने १९६७मध्ये मांडले.