आठांतले दोन-तीन

१९९१ साली ‘न्यूरल कॉम्प्युटेशन’ या नियतकालिकात रॉबर्ट जेकब्ज, मायकेल जॉर्डन, स्टीव्हन नोलन आणि जेफ्री हिंटन यांचा एक छोटा लेख आला. एकाच नेटवर्कच्या गळ्यात सगळं काम घालण्याऐवजी बरीच लहान नेटवर्क ठेवावीत, त्यांना तज्ज्ञ म्हणावं, आणि समोर आलेल्या उदाहरणात कोणाचं किती ऐकायचं हे ठरवायला ‘गेट’ नावाचं आणखी एक नेटवर्क नेमावं, अशी ती कल्पना. प्रयोगाला घेतले होते इंग्रजीतले चार स्वर, ७५ जणांच्या आवाजातले. ५० जणांच्या आवाजावर शिकवणी आणि उरलेल्या २५ जणांच्या आवाजावर परीक्षा.

लेखातली खरी मेख होती ती चूक मोजण्याच्या पद्धतीत. आधीच्या रचनांमध्ये सगळ्यांची उत्तरं मिसळून एक उत्तर काढत आणि चूक त्या मिश्रणाची मोजत. मग प्रत्येक जण दुसऱ्यांनी सोडलेली उणीव भरून काढत बसे, आणि स्वतःचं असं कोणाचंच क्षेत्र तयार होत नसे. या चौघांनी प्रत्येक तज्ज्ञाची चूक स्वतंत्र मोजली. ज्याचं उत्तर बरं, त्याच्याकडे गेटनं तशी उदाहरणं जास्त वळवायची. जास्त उदाहरणं आली की तो त्यात आणखी तयार होणार. स्पर्धा इथे मुद्दाम आणलेली होती.

निकाल सांगताना लेखकांनी एक गोष्ट जाता जाता नोंदवली आहे. चार किंवा आठ तज्ज्ञ ठेवले तरी शेवटी दोन-तीनच कामात उरत, बाकीच्यांचा वाटा जवळजवळ शून्यावर येई. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि वाटायचं कारणही नव्हतं. नेटवर्क चिमुकली होती, सगळीच्या सगळी चालवूनही खर्च नगण्य होता. रिकामे बसलेले तज्ज्ञ कोणाच्या खिशाला जड नव्हते.

हीच गोष्ट पुढे रोग ठरली.

२०१३ मध्ये डेव्हिड आयगन, मार्कऑरेलिओ रान्झाटो आणि इल्या सुट्स्केव्हर यांनी तज्ज्ञांचा संच खोल नेटवर्कच्या आत एकेका थरासारखा बसवला. गेट सुरुवातीलाच दोन-चार तज्ज्ञांवर लट्टू होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. उपाय सरळ होता : शिकवणीच्या पहिल्या टप्प्यात सरासरीपेक्षा फार पुढे गेलेल्याचं दार काही काळ बंद ठेवायचं, नंतर बंदी उठवायची.

मग २०१७ साल. गूगलचे नोम शझीर आणि सहकाऱ्यांनी (त्यांत हिंटनही होते) हिशोबच बदलला. हजारो तज्ज्ञ ठेवायचे, पण प्रत्येक शब्दासाठी गेटनं दिलेल्या गुणांमधले वरचे k तेवढे चालवायचे. बाकीच्यांचं गणित करायचंच नाही. हेच टॉप-k राउटिंग. त्यामुळे मॉडेल १३७ अब्ज पॅरामीटरपर्यंत वाढलं, तरी एका शब्दामागचा खर्च आटोक्यात राहिला.

पण निवड अशी कडक झाली की १९९१ ची स्पर्धा निर्दय होते. जो निवडला जात नाही तो त्या शब्दापासून काहीच शिकत नाही. नवशिक्या न्हाव्याच्या खुर्चीत गिऱ्हाईक बसत नाही, म्हणून त्याचा हात बसत नाही, आणि हात बसलेला नाही म्हणून गिऱ्हाईक बसत नाही, तेच इथे. शिवाय आता तज्ज्ञ वेगवेगळ्या जीपीयूंवर वाटलेले होते. एकाकडे झुंबड उडाली की बाकीची यंत्रं त्याचं उरकेपर्यंत ताटकळत राहतात.

शझीर यांनी गुणांमध्ये थोडा यादृच्छिक गोंगाट मिसळला, म्हणजे मागच्या रांगेतल्यालाही अधूनमधून संधी मिळते. आणि मूळ चुकीच्या आकड्यात, म्हणजे लॉसमध्ये, असमतोलाचा दंड मिळवला. तोच हा सहायक लॉस. दंड दोन प्रकारचे होते : एक गेटनं दिलेल्या वजनांच्या बेरजेवर, दुसरा त्याच्याकडे येणाऱ्या उदाहरणांच्या अंदाजित संख्येवर. दोन्ही लागतात, कारण एकाला थोडी पण वजनदार उदाहरणं आणि दुसऱ्याला पुष्कळ पण हलकी अशी वाटणी झाली, तर बेरीज सारखीच दिसते. त्यांच्या चाचणीत दंड नसताना सर्वांत लादलेल्या तज्ज्ञावर सरासरीच्या १७.८ पट भार होता. दोन्ही दंड लावल्यावर तो १.१४ पटीवर आला. मॉडेलची पर्प्लेक्सिटी (कमी तितकी बरी) ३९.८ वरून ३५.६ वर उतरली. म्हणजे समतोलानं केवळ यंत्रांची सोय झाली नाही, मॉडेलही सुधारलं.

आज बहुतेकांना ठाऊक असलेलं रूप २०२० च्या जीशार्डमधून आलं आणि २०२१ च्या स्विच ट्रान्सफॉर्मरनं ते रूढ केलं. स्विचनं k थेट १ वर आणला. दंड असा :

```
loss = α · N · Σ f_i · P_i
```

N म्हणजे तज्ज्ञांची संख्या. f_i म्हणजे i या तज्ज्ञाकडे प्रत्यक्ष गेलेल्या टोकनांचं प्रमाण, P_i म्हणजे राउटरनं, म्हणजे गेटनंच, त्याला दिलेली सरासरी संभाव्यता. α त्यांनी ०.०१ ठेवला.

चार तज्ज्ञ आणि ८०० टोकन घेऊ. ६०० पहिल्याकडे गेली, २०० दुसऱ्याकडे, उरलेले दोघे कोरडे. f झाला ०.७५, ०.२५, ०, ०. P समजा ०.६, ०.२, ०.१, ०.१. गुणाकारांची बेरीज ०.५, गुणिले ४, म्हणजे α सोडून २. वाटणी अगदी सारखी असती तर हाच आकडा १ आला असता.

या गुणाकारातली चलाखी मला फार आवडते. f ही निव्वळ मोजणी आहे. टोकन इकडे गेलं किंवा तिकडे, त्यामुळे तिला उतार नाही आणि तिच्यातून शिकता येत नाही. उतार आहे तो P ला. f केवळ त्या उताराचा जोर ठरवतो : पहिल्याची संभाव्यता दुसऱ्याच्या तिप्पट जोरानं खाली ढकलली जाते, कोरड्या दोघांना धक्काच नाही. संभाव्यतांची बेरीज १ राहायची असल्यामुळे ते आपोआप वर सरकतात.

तोवर काय होतं? प्रत्येक तज्ज्ञाला जागा आधीच आखून दिलेली असते. सारखा वाटा २०० चा, त्यावर सव्वापट सवलत, म्हणजे २५०. पहिल्याकडे आलेल्या ६०० पैकी ३५० टोकन तो घेतच नाही. ती त्या थरात प्रक्रिया न होता तशीच पुढच्या थरात जातात. प्रत्येक थरातली गळालेली टोकनं मोजली की दुखणं लवकर कळतं, एकूण लॉसच्या आलेखात ते लपून राहू शकतं.

दंडाचंही स्वतःचं दुखणं आहे. α लहान ठेवला तर झुंबड हटत नाही. मोठा ठेवला तर राउटर योग्यतेपेक्षा समान वाटपाचाच विचार करू लागतो, आणि ज्यासाठी हा सारा खटाटोप मांडला ते विशेषीकरणच पातळ होतं. दोन ध्येयांचे उतार एकाच राउटरला दोन दिशांनी ओढतात.

२०२४ मध्ये डीपसीकच्या संशोधकांनी दंड बाजूला ठेवून पाहिला. प्रत्येक तज्ज्ञाच्या गुणात एक छोटी भर घालायची. भार जास्त झाला की ती ठरावीक पावलानं कमी करायची, कमी पडला की वाढवायची. ही भर केवळ कोणाला निवडायचं ते ठरवते. निवडलेल्याच्या उत्तराला किती वजन द्यायचं ते मूळ गुणांवरूनच ठरतं, आणि लॉसला यातलं काही कळत नाही. डीपसीक-व्ही३ मध्ये तज्ज्ञ असलेल्या प्रत्येक थरात एक सामाईक तज्ज्ञ आहे, आणि निवडीचे २५६, त्यांपैकी प्रत्येक टोकनाला ८. तिथेही जुना दंड पुरता गेलेला नाही. एकाच मजकुराच्या आत वाटणी फार कलंडू नये म्हणून तो ठेवलाय, ०.०००१ इतक्या वजनानं.