तुलूझचा कापडवाला आणि व्हॉल्तेअर

व्हॉल्तेअरचं 'सहिष्णुतेवरील प्रबंध' हे छोटं पुस्तक मी पहिल्यांदा उघडलं ते एका वेगळ्याच कुतूहलानं. याच माणसानं पैगंबरांवर एक विखारी नाटक लिहिलं होतं. ते 1741 साली लील शहरात रंगमंचावर आलं. पुढे त्याची प्रत त्यानं थेट पोपलाच अर्पण केली. असा माणूस सहिष्णुतेवर काय लिहितो, ते मला पाहायचं होतं. पुस्तक सुरू होतं एका कापड दुकानदाराच्या मृत्यूपासून.

दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझ शहरात झाँ कालास कापडाचा व्यापार करायचा. तो प्रॉटेस्टंट होता. त्या काळी फ्रान्सच्या कायद्याला प्रॉटेस्टंट माणूस ठाऊकच नव्हता. जन्म, लग्न आणि मृत्यू यांची नोंद कॅथलिक धर्मगुरूच्या वहीत व्हायची. ज्याचं लग्न तिथे लागलं नाही, त्याचं लग्नच झालेलं नाही आणि त्याची मुलं अनौरस, असा सरळ हिशेब होता. कालासचा थोरला मुलगा मार्क-आंत्वान कायदा शिकला, पण वकिली करायची तर कॅथलिक असल्याचा दाखला लागायचा. तो त्याला मिळाला नाही.

13 ऑक्टोबर 1761 च्या रात्री घरी एक तरुण पाहुणा जेवायला होता. जेवण झाल्यावर मार्क-आंत्वान खाली दुकानात गेला. थोड्या वेळानं पाहुण्याला निरोप द्यायला धाकटा भाऊ त्याच्यासोबत खाली उतरला, तेव्हा मार्क-आंत्वान मेलेला सापडला. आरडाओरडा झाला, दारात गर्दी जमली. त्या गर्दीतून कुणीतरी ओरडलं की पोरगा कॅथलिक होणार होता म्हणून घरच्यांनीच त्याला मारलं. ओरडणारा कोण होता, ते कधीच कळलं नाही. पण शहराचा अधिकारी तिथे पोचला आणि त्यानं घरातल्या सगळ्यांना, पाहुण्यासकट, अटक केली.

घरच्यांनीही एक चूक केली. कुणीतरी बाहेरून येऊन त्याला मारलं, असं ते आधी म्हणाले. नंतर म्हणाले की तो गळफास लावलेल्या अवस्थेत सापडला. खोटं बोलण्याचं कारण समजण्यासारखं होतं. आत्महत्या करणाऱ्याचं प्रेत तेव्हा रस्त्यावरून फरफटत नेत. पण एकदा जबानी बदलली की पुढचं खरंही कोण ऐकतो?

चर्चमधून जाहीरनामा वाचला गेला की ज्यांनी काही पाहिलं-ऐकलं असेल त्यांनी पुढे यावं. त्याची भाषा अशी होती की खून झाला हे जणू ठरलेलंच आहे, फक्त पुरावा गोळा करायचा बाकी आहे. लोक आले. बहुतेकांनी काही पाहिलेलं नव्हतं, त्यांनी दुसऱ्याकडून ऐकलेलं होतं. मार्क-आंत्वान कॅथलिक होणार होता याचा धड पुरावा नव्हता, तरी त्याला हुतात्मा ठरवून कॅथलिक इतमामानं पुरण्यात आलं. कालासचा दुसरा एक मुलगा खरोखरच कॅथलिक झाला होता आणि जिवंत होता. घरातली कॅथलिक मोलकरीणही त्या रात्री घरातच होती. या दोन गोष्टींचा विचार कुणी केला नाही.

तुलूझच्या 'पार्लमां'समोर खटला चालला. नाव ऐकून संसद वाटेल, पण ते वरिष्ठ न्यायालय होतं आणि तिथली न्यायाधीशपदं विकत किंवा वारशानं मिळत. 13 पैकी 8 न्यायाधीशांनी कौल दिला. 10 मार्च 1762 रोजी साठी ओलांडलेल्या कालासला चाकाला बांधून, हाडं मोडून मारण्यात आलं. यातना देताना तो गुन्हा कबूल करेल, अशी न्यायाधीशांची अपेक्षा होती. तो शेवटपर्यंत निर्दोष असल्याचं सांगत राहिला. मग न्यायालयाची पंचाईत झाली. साठीतला म्हातारा तरण्याबांड मुलाला एकटा फासावर लटकवू शकत नाही, म्हणजे घरचे सामील असायलाच हवेत. तरीही एका मुलाला हद्दपार करून बाकीच्यांना सोडून दिलं गेलं.

व्हॉल्तेअर तेव्हा जिनिव्हाजवळ फेर्नेला राहत होता. आधी त्यालाही वाटलं की बापानं धर्मवेडापायी मुलाला मारलं असेल. त्यावर त्यानं पत्रात टवाळीही केली. मग शंका आली तेव्हा त्यानं कालासच्या जिनिव्हात असलेल्या धाकट्या मुलाला बोलावून उलटसुलट प्रश्न विचारले, माहिती मागवली आणि खात्री झाल्यावरच तो उतरला. विवेकवाद म्हणतात तो मला इथे दिसतो. मोठ्या सिद्धांतापेक्षा आपलं पहिलं मत तपासून बदलण्यात. फ्रेंच न्यायालयांत अर्धा पुरावा, पाव पुरावा असा हिशेब चालायचा. त्यावर त्यानं पुढे विचारलं, की ऐकीव गोष्टीला पाव पुरावा आणि त्याहून पोकळ अफवेला अष्टमांश पुरावा मानलं, तर आठ अफवांचा मिळून एक पूर्ण पुरावा होतो का?

त्यानं विधवा कालासला पॅरिसला पाठवलं, वकील मिळवले आणि दरबारातल्या ओळखी कामाला लावल्या. राजाच्या मंडळानं कागदपत्रं मागवली, 1764 मध्ये निकाल रद्द केला आणि 9 मार्च 1765 रोजी कालास निर्दोष ठरला. राजानं कुटुंबाला 36,000 लिव्रं दिली.

इथे प्रबोधनकाळातला एक खरा वाद उघडा पडतो. मोंतेस्क्यूचं म्हणणं असं, की राजाच्या मनमानीला लगाम घालायचा तर मध्ये अशी पार्लमांसारखी स्वतंत्र मंडळं हवीत. तो स्वतः बोर्दोच्या पार्लमांत पदाधिकारी होता. विचार चुकीचा नव्हता. पण कालासला मारलं ते अशाच स्वतंत्र मंडळानं, आणि न्याय मिळाला तो राजाकडून. म्हणून व्हॉल्तेअरचा भरवसा राजावर. 1771 मध्ये राजानं पार्लमां मोडीत काढली तेव्हा त्यानं त्याचं समर्थन केलं, तर अनेक सुधारणावाद्यांना तीच हुकूमशाही वाटली. अल्पसंख्याकानं कुणाच्या आसऱ्याला जावं, स्थानिक बहुमताच्या न्यायालयाच्या की दूरच्या सत्ताधीशाच्या, याचं उत्तर दोघांकडेही पूर्ण नव्हतं.

1763 च्या प्रबंधात तो ख्रिस्ती वाचकाला उस्मानी सुलतानाचं उदाहरण देतो, की तो वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांवर शांततेत राज्य करतो आणि इस्तंबूलमध्ये ग्रीक ख्रिस्ती निर्धास्त राहतात. वाचून बरं वाटलं, पण हुरळलो नाही. नाटकातला मुसलमान कॅथलिक चर्चला टोचायला होता, प्रबंधातलाही त्याचसाठी. ज्यूंबद्दल तर त्याचं लिखाण आज वाचवत नाही.

प्रबंधाच्या प्रती आधी मंत्री आणि दरबारी अशा निवडक लोकांकडेच गेल्या. कालास निर्दोष ठरल्याला दीड वर्षही झालं नव्हतं, तोच 1 जुलै 1766 ला आबव्हीलमध्ये ला बार नावाच्या तरुणाचं डोकं उडवलं गेलं. धार्मिक मिरवणुकीसमोर टोपी न काढणं हा त्याच्यावरच्या आरोपांपैकी एक होता. त्याच्या प्रेतासोबत व्हॉल्तेअरचा तत्त्वज्ञानकोशही जाळला. या वेळी ओळखी चालल्या नाहीत.

कायदा बदलला तो 1787 च्या नोव्हेंबरात. प्रॉटेस्टंटांना आपला जन्म, लग्न आणि मृत्यू यांची नोंद न्यायाधीशासमोर करता येऊ लागली, जुनी लग्नंही नोंदवता आली. सार्वजनिक प्रार्थनेची मुभा मात्र मिळाली नाही. न्यायाधीश आणि शिक्षकाची पदंही बंदच राहिली, ती 1789 च्या क्रांतीनंतर खुली झाली. फ्रान्समधल्या सगळ्या ज्यूंना नागरिकत्व मिळायला सप्टेंबर 1791 उजाडलं. कालासची विधवा 1792 मध्ये पॅरिसला वारली. व्हॉल्तेअर जाऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती.